फ्लाइट मोड टाकला किंवा फोन बंद केला तर चार्जिंग खरंच लवकर होतं का? किती?

चाटीगल्ली | सोमवार, दुपारी ३.१०

नमस्कार मंडळी. टॉवेल-चादरीचं छोटं दुकान आहे. दुपारी जेवायला दुकान ४० मिनिटं बंद ठेवतो, तेवढ्यातच फोन चार्ज करायला मिळतो. बाकी दिवसभर पेमेंटचे मेसेज, ऑर्डरींचे फोटो, गिऱ्हाइकांचे फोन, म्हणजे फोन सतत हातात. संध्याकाळी सहाला बॅटरी लाल होते आणि खरी गर्दी तेव्हाच असते.

बायको म्हणते जेवताना फ्लाइट मोडवर टाका. धाकटा भाऊ म्हणतो त्याने काही होत नाही, सरळ स्विच ऑफ कर. मी दोन्ही करून बघितलं, पण फरक पडला की मनाचा खेळ, ते कळेना. ५००० एमएएचचा फोन आहे. चार्जर दुकानात जुना पडलेला आहे तोच वापरतो.

मला "थोडा फरक पडतो" असं उत्तर नकोय. ४० मिनिटांत किती टक्के जास्त, तेवढं कुणी सांगेल का?

---

शेंगाचटणी | सोमवार, दुपारी ३.४२

डोळे झाकून फ्लाइट मोड टाका. दुप्पट वेगाने होतं. अनुभवाने सांगतोय. ऑफिसात पाऊण तासात ४ टक्के चढायचे, फ्लाइट मोड टाकल्यावर ९ टक्के चढले. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

---

विमानतळवाट | सोमवार, दुपारी ४.०५

पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच विमानाने जातोय, म्हणून विचारतो. विमानात फ्लाइट मोड लावला तर सीटजवळ चार्जिंग चालू राहतं ना? की तेही बंद करायला लावतात?

---

होस्टेल_२१४ | सोमवार, दुपारी ४.२०

काका, इथला विषय वेगळा आहे, पण सांगतो. फ्लाइट मोडमुळे चार्जिंग बंद होत नाही, फक्त नेटवर्क बंद होतं. सीटजवळ पोर्ट असेलच असं नाही. पॉवर बँक नेणार असाल तर ती हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही.

शेंगाचटणी सर, पाऊण तासात ४ टक्के हे फारच कमी आहे. चार्जर कोणता?

---

सर्किटवाली | सोमवार, रात्री ९.१५

चाटीगल्ली भाऊ, तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरांत Output असं लिहिलेलं असेल. त्यापुढचे आकडे इथे टाका. ते कळल्याशिवाय टक्केवारी सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

---

चाटीगल्ली | सोमवार, रात्री ९.५०

टॉर्च लावून वाचलं ताई. Output 5V 1A असं आहे.

---

सर्किटवाली | सोमवार, रात्री १०.४०

मग आता हिशेब होतो. आपल्या घरच्या पाण्यावरून सांगते, कारण सोलापुरात पाळीचं पाणी भरलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

पाणी आलं की नळाची धार ठरलेली असते. त्याच वेळी घरात कुणी धुणं धूत असेल तर तेवढं पाणी तिकडे जातं आणि टाकीत उरलेलं पडतं. फोनचंही तसंच आहे. चार्जरकडून येणारी वीज आधी चालू फोनला लागते, उरते ती बॅटरीत जाते. फ्लाइट मोड म्हणजे धुणं थांबवणं. त्याने किती फायदा होणार हे दोनच गोष्टींवर ठरतं, धार किती मोठी आहे आणि धुणं किती पाणी खात होतं.

५ व्होल्ट गुणिले १ अँपिअर, म्हणजे तुमचा चार्जर ५ वॅटचा. त्यातली साधारण दहा टक्के फोनच्या आत उष्णता होऊन जाते, साडेचार वॅट उरतात. स्क्रीन बंद, रेंज चांगली, डेटा चालू, मागे मेसेज येत आहेत, अशा पडून असलेल्या फोनला सरासरी पाव वॅट धरा. म्हणजे बॅटरीत सव्वाचार. फ्लाइट मोडवर फोनचा खर्च ०.०५ वॅटच्या आसपास येतो, बॅटरीत ४.४५ जातात. पूर्ण बंद केला तर साडेचारच्या साडेचार.

५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण सव्वाएकोणीस वॅट-तास. तुमच्या ४० मिनिटांत:

नुसता पडून असलेला फोन १४.७ टक्के चढेल. फ्लाइट मोडवर १५.४. पूर्ण बंद असेल तर १५.६.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर एक टक्क्याच्याही आत आहे. फोन तर पूर्ण टक्केच दाखवतो, म्हणून तुम्हाला कधी १ दिसला असेल, कधी काहीच नाही. ते मन खेळत नव्हतं, मोजायची पट्टीच जाड होती.

आता दुसरी बाजू. जेवताना त्याच फोनवर व्हिडिओ बघत असाल तर स्क्रीन आणि बाकी सगळं मिळून दीड वॅट सहज जातात. मग बॅटरीत तीनच वॅट पडतात आणि ४० मिनिटांत जेमतेम साडेदहा टक्के होतात. फ्लाइट मोडपेक्षा फोन उपडा ठेवून जेवणं जास्त फायद्याचं आहे.

---

चाटीगल्ली | मंगळवार, सकाळी ८.३०

ताई, अगदी खरं बोललात. जेवताना बातम्या चालू असतात. मुलगी पण मध्ये येऊन बघते.

पण मग शेंगाचटणी सरांना दुप्पट कसं आलं? त्यांनी तीनदा मोजलंय म्हणतात.

---

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी १०.१२

मलाही तेच म्हणायचंय. एक टक्क्याचा हिशेब कागदावर बरा दिसतो, माझे आकडे प्रत्यक्षातले आहेत. हवं तर ऑफिसात येऊन बघा.

---

सर्किटवाली | मंगळवार, दुपारी १.२०

सर, तुमचे आकडे खोटे आहेत असं मी म्हटलेलं नाही. होस्टेल_२१४ ने विचारलेला प्रश्न तसाच राहिला आहे. फोन कशाला लावता? आणि त्या वेळी फोनवर काय चालू असतं?

---

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी १.५५

ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावतो. कॉम्प्युटर जुना आहे. ऑफिसचं नेट सारखं जातं म्हणून माझ्याच फोनचा हॉटस्पॉट चालू असतो, जीएसटीचं काम त्यावरच चालतं. फ्लाइट मोडची चाचणी जेवणाच्या सुट्टीत केली होती.

---

सर्किटवाली | मंगळवार, दुपारी २.३०

गाठ सुटली. जुन्या कॉम्प्युटरचा यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. घट वजा जाता सव्वादोन. हॉटस्पॉट चालू असलेला फोन सव्वा-दीड वॅट खातो, कारण मोबाइलचा रेडिओ आणि वायफाय दोन्ही सतत जागे असतात. बॅटरीच्या वाट्याला एक वॅटच्या आसपास. पाऊण तासात चारच टक्के होणार.

फ्लाइट मोड टाकला की हॉटस्पॉटही गेला. सव्वादोनमधले जवळजवळ सगळे बॅटरीत, म्हणजे साडेआठ-नऊ टक्के. तुमचा आकडा बरोबर जुळतो.

तेव्हा तुम्ही दुप्पट म्हणता ते खरं आहे, पण तुमच्या टेबलापुरतं. धार बारीक आणि घरात धुणं मोठं. चाटीगल्ली भाऊंची धार दुप्पट आहे आणि धुणं पाव बादलीचं. तोच सल्ला त्यांना दिला तर त्यांचा पेमेंटचा मेसेज चुकेल आणि हातात अर्धा-पाऊण टक्का येईल.

---

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी २.४१

पटलं. हॉटस्पॉटचा विचारच केला नव्हता, तो माझ्यासाठी रोजचाच. उद्यापासून घरचा चार्जर ऑफिसात आणतो.

---

भीमाकाठ | मंगळवार, रात्री ११.२०

आमचं वेगळंच हाय. वस्तीवर ऱ्हातो, गावापासून तीन किलोमीटर, नदीच्या अंगाला. रेंज एक काडी, ती पण येती-जाती. लाइट रात्रीची, आणि रात्री पण मध्ये जाती. त्यामुळं मिळेल तेवढ्यात फोन भरून घ्यावा लागतो.

चार्जर चाटीगल्लीवाल्यांसारखाच, एक अँपिअर. फोन पण ५००० चाच. रात्री मी फोन वापरत नाही, पलंगाखाली ठेवून झोपतो. तरी दोन तासांत ३५-३६ टक्के व्हायचे. पोराच्या सांगण्यावरनं फ्लाइट मोड टाकला तर ४५ झाले. एकदा नाही, आठवडाभर बघालोय. ताईंच्या हिशेबात पाऊण टक्का फरक, माझ्याकडं दहा टक्के. हॉटस्पॉट काय असतंय ते मला म्हाईत पण नाही.

आणि एक, साध्या मोडवर फोन हाताला गरम लागतो. फ्लाइटवर थंडगार.

---

सर्किटवाली | बुधवार, सकाळी ७.१०

भीमाकाठ दादा, या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची पोस्ट तुमची आहे.

टॉवर लांब असला की फोनला ओरडून बोलावं लागतं. जवळच्या टॉवरशी फोन अगदी हलक्या आवाजात बोलतो, एका काडीवर तोच फोन पूर्ण जोर लावून सिग्नल पाठवतो. रेंज गेली की पुन्हा शोधायला लागतो, सापडली की नोंद करतो, परत जाते. तुम्ही झोपलेले असता, फोन झोपलेला नसतो. अशा ठिकाणी पडून असलेला फोनही एक वॅटपर्यंत खाऊ शकतो. तो गरम लागत होता तो त्यामुळेच.

साडेचारमधून एक वजा केला तर साडेतीन. दोन तासांत ७ वॅट-तास, म्हणजे ३६ टक्के. फ्लाइट मोडवर ४.४५, दोन तासांत ४६ टक्के. तुम्ही घरात जे बघितलं तेच गणितात येतंय.

फ्लाइट मोडचा उपयोग कुणाला होतो असं विचाराल तर तो तुम्हाला होतो. शहरात चार काड्यांखाली बसलेल्या माणसाला नाही.

---

भीमाकाठ | बुधवार, सकाळी ७.४५

पण ताई अडचण अशी हाय की मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवलाय. लाइट आली-गेली, मोटार चालू झाली की त्याचा फोन येतो. फ्लाइट मोड टाकला की ते कळतच नाही. गेल्या आठवड्यात लाइट गेली, परत आली, मोटार चालूच झाली नाही आणि मी निवांत झोपलेलो. ऊस तसाच राहिला.

---

होस्टेल_२१४ | बुधवार, सकाळी ९.००

काका, सेटिंगमध्ये सिम कार्डच्या पानावर नेटवर्कचा प्रकार निवडता येतो. तिथे ५जी निवडलेलं असेल तर ४जी करून बघा. वस्तीवर ५जी धड नसेल तर फोन दोन्हींत उड्या मारत राहतो. आणि फोन पलंगाखाली न ठेवता खिडकीत, जमलं तर टॉवरच्या दिशेच्या भिंतीला ठेवा. एकाच्या दोन काड्या झाल्या तरी खर्च बराच उतरतो. रात्री मोबाइल डेटा बंद केला तरी स्टार्टरचा फोन येतोच.

---

भीमाकाठ | बुधवार, सकाळी ९.२०

खिडकीत ठेवून बघतो. पत्रा हाय आमच्या घराला, त्यानं पण रेंज अडत असंल.

---

होस्टेल_२१४ | गुरुवार, रात्री ११.५०

माझ्याकडे यूएसबी मीटर आहे. छोटी डबी असते, चार्जर आणि केबलच्या मध्ये लावली की किती व्होल्ट, किती अँपिअर जातात ते दाखवते. ताईंचा हिशेब वाचून आज तीन प्रयोग केले.

पहिला, मेसच्या जुन्या १ अँपिअरच्या चार्जरवर. साध्या मोडवर मीटर ०.९८ अँपिअर. फ्लाइट मोड टाकला, तरी ०.९८. मला वाटलं काहीच फरक नाही. पण बॅटरीत जाणारा करंट दाखवणाऱ्या अॅपवर आकडा थोडा वाढला होता.

दुसरा, माझ्या ३३ वॅटच्या चार्जरवर. २० ते ६० टक्के व्हायला साध्या मोडवर २४ मिनिटं १० सेकंद लागले, फ्लाइट मोडवर बरोबर २४ मिनिटं. दहा सेकंद.

तिसरा, त्याच चार्जरवर ८८ टक्क्यांना. साध्या मोडवर मीटर ७ वॅट दाखवत होतं. फ्लाइट मोड टाकताच ६.७ झालं. म्हणजे वीज उलट कमी यायला लागली! अॅपवर बॅटरीचा करंट जसाच्या तसा. ताई, हे उलटं कसं?

---

सर्किटवाली | शुक्रवार, सकाळी ६.५०

शाब्बास. तिसरा प्रयोग सगळ्यात चांगला आहे, त्यात फ्लाइट मोडची मर्यादा डोळ्यांना दिसते.

टाकीत तरंगता गोळा असतो. टाकी भरत आली की तो वर येतो आणि तोंड हळूहळू बंद करतो. मग खाली नळाला कितीही जोर असला तरी टाकीत गोळा सोडेल तेवढंच पाणी पडतं. फोनमध्ये साधारण ८० टक्क्यांच्या पुढे हेच होतं. बॅटरीचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला पोचतो आणि फोन करंट उतरवत जातो, नाहीतर बॅटरी खराब होईल. त्या वेळी चार्जरकडे भरपूर वीज शिल्लक असते. फोनचा स्वतःचा खर्च त्या शिल्लकीतून भागतो, बॅटरीच्या वाट्याला हात लागत नाही. खर्च कमी केला तर चार्जर तेवढी कमी वीज देतो, इतकंच. ७ चे ६.७ झाले ते हेच.

तुझ्या पहिल्या प्रयोगात उलट होतं. चार्जर शेवटच्या टोकापर्यंत ताणलेला होता, म्हणून मीटर हललं नाही. वाचलेली वीज सगळी बॅटरीत गेली.

म्हणून मीटर असणाऱ्यांनी एवढंच बघावं. चार्जिंग चालू असताना फ्लाइट मोड टाका. मीटरचा आकडा तसाच राहिला तर फ्लाइट मोड बॅटरीला काहीतरी देतोय. आकडा उतरला तर चार्जिंगचा वेग वाढलेला नाही.

---

नवीपेठ_रिपेअर | शुक्रवार, दुपारी १२.३०

मोबाइल दुरुस्तीचं काम करतो, रोज हे प्रश्न येतात. ताईंचं बरोबर आहे. स्विच ऑफबद्दल थोडं सांगतो, कारण गिऱ्हाईक त्यातच जास्त फसतं.

फास्ट चार्जर लावला की फोन आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात. फोन म्हणतो मला ९ व्होल्ट दे, चार्जर देतो. फोन बंद असताना आत चार्जिंगपुरती छोटी प्रणाली चालू असते, ती बॅटरीचं चित्र दाखवते तीच. बऱ्याच फोनांत ती हे बोलणं नीट करते. काही मॉडेलांत करत नाही, मग चार्जर साध्या ५ व्होल्टवर राहतो. असे फोन बंद करून चार्ज केले तर उलट उशीर लागतो. गिऱ्हाईक म्हणतं चार्जर खराब झाला.

आणि आयफोन बंद करून चार्जरला लावला तर तो स्वतःच चालू होतो. तिथे स्विच ऑफ करून काही साधत नाही.

---

होस्टेल_२१४ | शुक्रवार, दुपारी ४.१५

सर, आत्ताच रूममेटच्या फोनवर बघितलं. चालू असताना मीटर १८ वॅट. बंद करून लावला तर साडेनऊ! व्होल्ट ५ वरच अडकले. माझा फोन मात्र बंद असतानाही पूर्ण ३३ चा वेग घेतो. त्याची परीक्षा सोमवारी आहे, तो रोज रात्री फोन बंद करूनच चार्ज करत होता.

---

पत्र्याखाली | शुक्रवार, रात्री ८.४०

एमआयडीसीत यंत्रमागावर काम करतो. आमच्या शेडमध्ये मे महिन्यात फोन चार्जच होत नाही. चार्जर ३३ वॅटचा आहे, फास्ट चार्जिंग लिहून येतं, तरी तासाभरात २५ टक्के. बंद करून ठेवला तर ४० पर्यंत जातो. हे पण टॉवरमुळे का? रेंज तर फुल असते.

---

सर्किटवाली | शुक्रवार, रात्री १०.०५

हे उष्णतेमुळे. बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त असतं. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास गेली की फोन तिला वाचवायला करंट बराच कापतो, काही फोन त्याआधीच कापायला लागतात. तिथे चार्जर ३३ चा असो की ६७ चा, फोनच घ्यायला तयार नसतो.

फोन बंद केला की आतली चिप आणि स्क्रीन यांची उष्णता थांबते. बॅटरी दोन-तीन अंश खाली राहते आणि फोन परत करंट वाढवतो. वाचलेल्या पाव वॅटने हा फरक पडत नाही, उतरलेल्या तापमानाने पडतो. तुमच्याकडे फोनचं कव्हर काढून, मशिनपासून लांब, माठाजवळच्या सावलीत फरशीवर ठेवून बघा. फक्त ओल्या फडक्यावर ठेवू नका, पोर्टमध्ये पाणी गेलं तर नवं दुखणं.

---

होस्टेल_२१४ | शुक्रवार, रात्री १०.३०

तापमान बघायचं असेल आणि कॉम्प्युटर जवळ असेल, तर अँड्रॉइड फोनवर यूएसबी डिबगिंग चालू करून ही आज्ञा द्या:

```
adb shell dumpsys battery
```

त्यात `temperature: 438` अशी ओळ येते. ते ४३.८ अंश समजायचे, शेवटचा अंक दशांशाचा असतो. एक लक्षात ठेवा, कॉम्प्युटरला लावल्यावर फोन तिथून चार्ज व्हायला लागतो. म्हणून चार्जरवरून काढल्यावर लगेच बघा, पाच मिनिटांनी बघितलं तर गार झालेला आकडा दिसेल.

---

पत्र्याखाली | शनिवार, रात्री ९.१५

कॉम्प्युटर नाही माझ्याकडे. पण कव्हर काढून माठापाशी ठेवला आज. चालूच ठेवला होता, बंद नाही केला. तासात ३८ झाले.

---

चाटीगल्ली | रविवार, दुपारी १२.१०

मंडळी, माझं ऐका. ताईंच्या हिशेबावरून ठरवलं की फ्लाइट मोडचा नाद सोडायचा आणि धार वाढवायची. घरातून 5V 2A चा चार्जर आणला. काल जेवताना लावला, फोन उपडा, बातम्या बंद. ४० मिनिटांत किती झाले? फक्त १६ टक्के! जवळपास तेवढेच. दुप्पट चार्जर लावून एक टक्का वाढतो म्हणजे काय?

---

नवीपेठ_रिपेअर | रविवार, दुपारी १२.४०

केबल कुठली?

---

चाटीगल्ली | रविवार, दुपारी १२.५५

काउंटरपासून बोर्ड लांब आहे म्हणून दोन मीटरची, रस्त्यावरून ८० रुपयांना घेतलेली.

---

होस्टेल_२१४ | रविवार, सायंकाळी ६.३०

मी आज चाटी गल्लीकडे येणारच होतो, मीटर घेऊन यांच्या दुकानात गेलो. यावेळी मीटर केबलच्या फोनकडच्या टोकाला लावलं. २ अँपिअरच्या चार्जरवर त्या ८० रुपयांच्या केबलने ४.४ व्होल्ट आणि १.२ अँपिअर, म्हणजे सव्वापाच वॅट. माझी एक मीटरची जाड केबल लावली तर ४.९ व्होल्ट आणि २ अँपिअर. तोच चार्जर, तोच फोन.

---

सर्किटवाली | रविवार, रात्री ८.२०

बारीक तांब्याच्या लांब तारेत व्होल्टेज वाटेतच पडतं. फोनला दिसतं की व्होल्ट खाली चाललेत, त्याला वाटतं चार्जरची ताकद संपली, म्हणून तो स्वतःच करंट कमी मागतो. त्यामुळे चार्जर १० वॅटचा असूनही भाऊंना ५ चाच वेग मिळाला.

---

तिसरा_मजला | सोमवार, सकाळी १०.००

सगळं वाचलं. माझा ६७ वॅटचा फोन आहे. बंद करून चार्ज केला तर पूर्ण भरायला तीन मिनिटं कमी लागतात, चारदा बघितलं. ताईंच्या हिशेबाने एवढा फरक यायला नको.

---

सर्किटवाली | सोमवार, दुपारी १.४५

एवढ्या वेगाच्या काही फोनांत वीज बॅटरीत जाण्याची वाट वेगळी असते, आणि फोनचा खर्च बॅटरीच्या बाजूनेच घेतला जातो. तिथे माझी टाकीची उपमा पूर्ण बसत नाही. पण त्याने तीन मिनिटांचा फरक पडेल असं मला वाटत नाही. माझा संशय तापमानावर आहे. बंद करून लावायच्या आधी फोन थोडा वेळ पडून होता का?

---

तिसरा_मजला | सोमवार, दुपारी २.३०

दोनदा होता. दोनदा गेम खेळून लगेच बंद करून लावला होता, तरी तीन मिनिटं कमीच. त्यामुळे मला तापमानाचं पटत नाही.

---

होस्टेल_२१४ | सोमवार, दुपारी २.५०

ताई, गेम खेळून लावला तरी बंद फोन लवकर गार होतो, चालू असलेला हळू. मग त्या दोन वेळांनाही कारण तापमानच असू शकतं ना? सर, एकदा दोन्ही वेळा एसीत ठेवून, त्याच टक्क्यापासून, त्याच केबलने बघाल का?

---

तिसरा_मजला | सोमवार, दुपारी ३.०५

घरी एसी नाही. पहाटे पाचला बघतो, तेव्हा गार असतं. दोन दिवस लागतील.

---

भीमाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

फोन खिडकीत ठेवला, ४जी केलं, डेटा बंद. दोन काड्या येतात. काल दोन तासांत ४२ झाले, आणि स्टार्टरचा फोन पण आला, पावणेतीनला. उठून मोटार बघून आलो.

---

चाटीगल्ली | मंगळवार, दुपारी ३.२०

नवी केबल आणली, एक मीटरची. बोर्ड लांब म्हणून काउंटरखालून एक्स्टेंशन ओढून घेतलं. आज ४० मिनिटांत २९ टक्के. फ्लाइट मोड नाही, बंद नाही, पेमेंटचे दोन मेसेज पण आले. बायकोला आकडे दाखवले, ती म्हणाली बातम्या बंद केल्या म्हणून झालं. थोडं तिचंही खरं आहे.

होस्टेलवाल्या पोरा, तुझी केबल माझ्याकडेच राहिलीय. रविवारी येऊन घेऊन जा, आणि मीटर आण, भावाच्या फोनचं स्विच ऑफ प्रकरण बघायचंय.

---

होस्टेल_२१४ | मंगळवार, दुपारी ४.००

रविवारी अकराला येतो.